टीबीची टेस्ट ‘निगेटिव्ह’ नव्हती: क्रोन्सच्या एका पेशंटचं इन्फ्लिक्सिमॅब आठ आठवडे का थांबलं

क्रोन्स, म्हणजे आतड्याला सतत सूज आणि अल्सर आणणारा आजार, त्याची ही केस मी टीममध्ये ज्युनियर होतो तेव्हाची आहे. ओळख पटू नये म्हणून वय, आकडे, घरची माणसं थोडी बदललीयेत, बाकी घटनाक्रम तसाच ठेवलाय. यातला मोठा भाग औषध देण्याचा नाहीच, औषध द्यायचं ठरल्यावर ते न देता काढलेल्या आठ आठवड्यांचा आहे.

पार्श्वभूमी

२७ वर्षांचा मुलगा, वजन ५४ किलो, आजारपणात ९ किलो उतरलेलं. वर्षभरापासून जुलाब, उजव्या बाजूला खाली पोटात दुखणं, आणि नंतर गुदद्वाराजवळ एक भोक पडून त्यातून सतत पू येणं, म्हणजे भगंदर. कोलोनोस्कोपीत लहान आतड्याचं शेवटचं टोक आणि मोठ्या आतड्याची उजवी बाजू या दोन्हीकडे लांबट, खोल अल्सर, मध्येमध्ये चांगला भाग सोडून सोडून. बायोप्सीत छोटे ग्रॅन्युलोमा, म्हणजे पेशींचे गोळे, होते पण त्यात केसिएशन, म्हणजे टीबीत दिसतो तसा आतून कुजलेला चिजासारखा भाग, नव्हता. तुकड्याची टीबीसाठी जीन-एक्सपर्ट, म्हणजे जंतूचा डीएनए शोधणारी टेस्ट, आणि कल्चर दोन्ही निगेटिव्ह. आतड्याचा टीबी आणि क्रोन्स हे एकमेकांचे सोंग घेण्यात इतके पटाईत आहेत की या भागात अल्सर दिसला की दोन्ही नावं डोक्यात ठेवावी लागतात, पण लांबट अल्सर, मध्ये सुटलेली जागा आणि भगंदर बघून निदान क्रोन्स झालं आणि ते बरोबरच होतं.

मग प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड ४० मिग्रॅ सुरू झालं, जोडीला प्रतिकारशक्ती दाबणारं अझाथायोप्रिन १०० मिग्रॅ. पहिले तीन आठवडे तो खूश होता, जुलाब कमी, भूक लागायला लागली. पण स्टिरॉइड २० च्या खाली आणलं की आठवडाभरात परत सगळं जसंच्या तसं. असं दोनदा झालं. चार महिने उलटले तरी तो २५ मिग्रॅवर अडकलेला, चेहरा सुजलेला, दिवसाला आठ वेळा संडास, आणि भगंदर तर स्टिरॉइडने बरं होतच नाही, उलट पू साठायचा धोका वाढतो. सूज दाखवणारं सीआरपी ४८ वर, रक्तातलं प्रथिन अल्ब्युमिन २.६ पर्यंत उतरलेलं. एमआरआयमध्ये गुदद्वाराच्या स्नायूतून आरपार जाणारा फिस्चुला, म्हणजे भगंदराचा आतला मार्ग, आणि शेजारी पुवाची छोटी पिशवी.

त्या दिवशी ओपीडीत ठरलं की आता बायोलॉजिक, म्हणजे अँटी-टीएनएफ. भगंदर असलेल्या क्रोन्समध्ये इन्फ्लिक्सिमॅबमागे जेवढा पुरावा आहे तेवढा दुसऱ्या कुठल्या औषधामागे नाही. डोस साधा, किलोला ५ मिग्रॅ, म्हणजे याला २७० मिग्रॅ सलाईनमधून, पहिल्या दिवशी, मग दुसऱ्या आणि सहाव्या आठवड्याला, आणि त्यानंतर दर आठ आठवड्यांनी.

हे औषध नेमकं काय करतं

हे समजल्याशिवाय पुढची घासाघीस उगाच वाटेल म्हणून जरा थांबून सांगतो.

टीएनएफ अल्फा हा आपल्याच पेशींनी सोडलेला निरोप आहे, मुख्यतः मॅक्रोफेज आणि टी-पेशी सोडतात. ‘इकडे गडबड आहे, या सगळे’ असा तो निरोप. क्रोन्समध्ये आतड्याच्या भिंतीत हा निरोप विनाकारण सतत वाजत राहतो, रक्तवाहिन्या चिकट होतात, पांढऱ्या पेशी आत घुसत राहतात, अस्तर झडतं, अल्सर पडतात. इन्फ्लिक्सिमॅब ही अँटिबॉडी आहे, ती या टीएनएफला धरते. रक्तात मोकळ्या फिरणाऱ्याला तर धरतेच, पण पेशीच्या अंगावर चिकटून बसलेल्या टीएनएफलाही धरते, आणि त्यामुळे आतड्यात ठाण मांडून बसलेल्या टी-पेशी मरतात. हा दुसरा भाग महत्त्वाचा असावा, कारण इटॅनरसेप्ट नावाचं दुसरं टीएनएफ रोखणारं औषध संधिवातात छान चालतं पण क्रोन्समध्ये चाललं नाही, आणि त्याने टीबी उठण्याचं प्रमाणही या अँटिबॉडींपेक्षा कमी दिसतं.

आता टीबीकडे या. लहानपणी कधीतरी जंतू श्वासातून आत गेला, शरीराने त्याला मारून टाकलं नाही, पण कोंडून ठेवलं. मॅक्रोफेज त्याच्याभोवती गोल करून बसतात, बाहेर टी-पेशींचं कडं, हाच ग्रॅन्युलोमा. जंतू आत वर्षानुवर्षं झोपलेला असतो, माणूस ठणठणीत, कोणाला संसर्ग देत नाही. हा सुप्त टीबी. आणि हे कडं टिकवून धरायला जो निरोप सतत लागतो तो म्हणजे हाच टीएनएफ. उंदरांवरच्या प्रयोगांत टीएनएफ काढून घेतला की कडं ढासळतं आणि जंतू मोकाट सुटतो हे आधीच दिसलं होतं. आतड्याला आराम देणारी गोष्ट आणि तुरुंगाची भिंत पाडणारी गोष्ट एकच आहे.

इन्फ्लिक्सिमॅबला अमेरिकेत क्रोन्ससाठी मान्यता मिळाली १९९८ मध्ये. २००१ मध्ये ७० पेशंटचा अहवाल छापून आला, औषधानंतर टीबी झालेल्यांचा. त्यातल्या ४८ जणांना तीन किंवा त्याहून कमी डोसनंतरच टीबी झाला होता, निम्म्यांना साधारण १२ आठवड्यांच्या आत. ७० पैकी ४० जणांचा टीबी फुफ्फुसाच्या बाहेर होता आणि १७ जणांचा अंगभर पसरलेला. मला यातलं सगळ्यात भीतीदायक वाटतं ते हे बाहेरचं प्रमाण, कारण खोकला नाही, एक्स-रे साफ, आणि तरी टीबी. कडं बांधायला निरोपच नाही म्हटल्यावर जंतू एका जागी कशाला थांबेल. तेव्हापासून आधी टीबी शोधायचा, मग औषध, हा क्रम पडला.

आणखी एक, हे औषध एकदा शिरेतून गेलं की परत काढता येत नाही. अर्ध आयुष्य आठ-दहा दिवसांचं, म्हणजे डोस देऊन चूक लक्षात आली तरी पुढचे कित्येक आठवडे ते अंगात असतं. गोळी असती तर बंद केली असती.

अडचण

स्क्रीनिंगचे रिपोर्ट आले. छातीचा एक्स-रे नॉर्मल. मांटू टेस्ट, म्हणजे हातावर टोचून ४८ ते ७२ तासांनी फुगवटा मोजतात ती, शून्य मिमी. इग्रा ही रक्ताची टेस्ट, तिचा रिपोर्ट ‘इनडिटरमिनेट’. हेपॅटायटिस बी, एचआयव्ही निगेटिव्ह.

वॉर्डात फाइलवर कोणीतरी लिहून टाकलं, ‘टीबी स्क्रीन निगेटिव्ह, इन्फ्लिक्सिमॅब द्यायला हरकत नाही’. आणि खरं सांगतो, मीही सही करणार होतो. पेशंट तळमळतोय, बेड मिळालाय, औषध फ्रीजमध्ये आलंय, अशा वेळी शून्य हा आकडा फार गोड दिसतो.

सरांनी राउंडला फाइल उघडली आणि इग्राचे आकडे मोठ्याने वाचायला सांगितले. या टेस्टमध्ये रक्त वेगवेगळ्या नळ्यांत घेतात. टीबीच्या नळ्यांत जंतूची खास प्रथिनं असतात, टी-पेशींनी ती आधी बघितली असतील तर त्या इंटरफेरॉन गॅमा सोडतात. बीसीजीच्या लशीत ही प्रथिनं नसतात, त्यामुळे लस घेतलेल्यांत मांटू जशी फसते तशी ही फसत नाही. शेवटची नळी माइटोजेनची. त्यात असं काहीतरी असतं की कुठल्याही धडधाकट टी-पेशीने आरडाओरडा केलाच पाहिजे, जंतू माहीत असो नसो. याच्या टीबीच्या नळ्यांत ०.०८, पॉझिटिव्हची रेघ ०.३५. पण माइटोजेनमध्ये ०.३१, तिथे निदान ०.५ तरी हवं.

सर म्हणाले, “साक्षीदाराला विचारलं, चोर बघितलास का. तो काही बोलला नाही. मग त्याला नाव विचारलं, तेही सांगेना. आता तू लिहिणार की चोर नव्हता?”

चार महिने स्टिरॉइड, वर अझाथायोप्रिन, अल्ब्युमिन २.६, लिम्फोसाइट ६००. याच्या टी-पेशी गुंगीत होत्या. मांटू सुद्धा त्याच टी-पेशींवर चालते, दिवसाला १५ मिग्रॅच्या वर प्रेडनिसोलोन महिनाभर चालू असलं तर तिचं शून्य धरायचं नाही. (रोगप्रतिकारशक्ती दबलेली असेल तर ५ मिमी सुद्धा पॉझिटिव्ह धरतात ते याचसाठी.) म्हणजे आमच्या हातात दोन निगेटिव्ह टेस्ट नव्हत्या, दोन न झालेल्या टेस्ट होत्या.

दुसरी गोष्ट हिस्ट्रीची. फाइलमध्ये ‘घरात टीबी नाही’ असं लिहिलेलं. मी परत विचारायला गेलो, तो म्हणाला, “नाही डॉक्टर, आमच्याकडे कोणालाच नव्हता.” त्याची आत्या जवळ बसलेली. मी प्रश्न जरा बदलला, घरात कोणी सहा-आठ महिने रोज गोळ्या घेतल्या होत्या का, छातीच्या त्रासासाठी? आत्या लगेच म्हणाल्या, “अण्णांनी घेतल्या होत्या की, वर्षभर. त्यांना फुफ्फुसाला डाग होता. पण टीबी नव्हता हो डॉक्टर, डागच होता नुसता.” अण्णा म्हणजे आजोबा, आणि हा तेव्हा पाच वर्षांचा, त्यांच्याच खोलीत झोपायचा.

कोणते पर्याय होते

पहिला, लगेच इन्फ्लिक्सिमॅब द्यायचं आणि त्याच दिवशी आयसोनियाझिड हे टीबीचं औषध सुरू करायचं. टीममधल्या एकांचं असं मत होतं आणि ते अगदीच चुकीचं म्हणता येणार नाही, पेशंट रोज खालावत असेल तर कधीकधी असं करावं लागतं. पण आपल्याला सक्रिय टीबी नाही हेच अजून माहीत नव्हतं. सक्रिय टीबीवर एकटं आयसोनियाझिड दिलं तर जंतू त्या औषधाला दाद द्यायचा बंद होतो, आणि वर टीएनएफ काढून घेतलेला. ही जोडी नको.

दुसरा, वेगळं बायोलॉजिक. व्हेडोलिझुमॅब पांढऱ्या पेशींना फक्त आतड्यात शिरण्यापासून अडवतं, टीएनएफला हात लावत नाही, टीबीचा धोका बराच कमी. उस्टेकिनुमॅबचाही कमी. आतड्यापुरता आजार असता तर मी स्वतः इकडे झुकलो असतो. पण व्हेडोलिझुमॅब सावकाश चढतं, आणि गुंतागुंतीच्या भगंदरात दोन्हींचा पुरावा इन्फ्लिक्सिमॅबपेक्षा पातळ.

तिसरा, ऑपरेशन करून आतड्याचा आजारी तुकडा काढायचा. अल्ब्युमिन २.६ आणि २५ मिग्रॅ स्टिरॉइडवर आतडं जोडलं तर टाके सुटायची भीती, शिवाय भगंदर तसंच राहणार.

चौथा, आधी पू काढायचा, स्टिरॉइड जमेल तितकं उतरवायचं, टेस्ट परत करायची, सुप्त टीबी निघाला तर उपचार सुरू करून थोडं थांबून मग इन्फ्लिक्सिमॅब. यात प्रश्न एकच, मधला काळ हा पेशंट कशावर काढणार.

चौथा ठरला. पेशंटला सांगायची जबाबदारी माझ्यावर आली. तो चिडला, आणि का चिडणार नाही. “औषध आलंय, मी आलोय, मग थांबायचं कशासाठी? मला टीबी नाहीये ना?” मी म्हटलं तेच तर माहीत नाहीये. मला वाटतं त्याला पटवलं ते माइटोजेनच्या नळीने. आकडे कागदावर काढून दाखवले तेव्हा तो म्हणाला, म्हणजे टेस्ट फेल झाली, मी पास नाही झालो. बरोबर.

काय केलं

पहिल्या आठवड्यात सर्जननी पुवाची पिशवी रिकामी केली आणि फिस्चुल्यातून सीटनचा सैल दोरा घातला, म्हणजे तोंड बंद होऊन आत परत पू साठू नये. ही पायरी टीबी असो नसो लागणारच होती, साठलेल्या पुवावर अँटी-टीएनएफ देत नाहीत. अँटिबायोटिक म्हणून सहसा सिप्रोफ्लॉक्सासिन आणि मेट्रोनिडाझोल अशी जोडी देतात. आम्ही सिप्रो मुद्दाम टाळलं, कारण त्या घराण्यातली औषधं टीबीच्या जंतूलाही थोडी लागतात, टीबी लपला असेल तर तो अर्धवट दबतो आणि तपासणीत हाती लागत नाही. नुसतं मेट्रोनिडाझोल दिलं, तेही तीन आठवडे, पुढे आयसोनियाझिड लागलं तर दोन्ही औषधं हातापायाच्या नसांना त्रास देतात म्हणून आधी संपवलं.

खाणं पूर्ण बंद करून फक्त डब्यातलं लिक्विड फॉर्म्युला, दिवसभर थोडं थोडं. मोठ्या माणसांना हे जमणं कठीण, चवीला कंटाळतात, याने दोन दिवस सोडलंही होतं. पण त्याच्या जोरावर प्रेडनिसोलोन दर आठवड्याला ५ ने कमी करत तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी १० पर्यंत आणता आलं. संडास आठवरून पाचवर. अल्ब्युमिन ३.१.

तेव्हा इग्रा परत केली. माइटोजेन ४.२, म्हणजे साक्षीदार शुद्धीवर. टीबीच्या दोन नळ्यांत १.१२ आणि १.३०. पॉझिटिव्ह.

लगेच छातीचा सीटी. उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात एक कॅल्शियम धरलेला छोटा ठिपका आणि त्याच बाजूला मुळाशी तशीच कडक झालेली गाठ. जुनी खूण, ताजं काही नाही. मग पहिला एक्स-रे परत लाइटवर लावला, ठिपका तिथेही होता, हाडाआड. दोष रिपोर्ट लिहिणाऱ्याला देत नाही, फॉर्मवर आम्ही ‘रुटीन’ लिहिलं होतं. ‘अँटी-टीएनएफच्या आधी, जुन्या टीबीच्या खुणा बघा’ असं लिहिलं असतं तर कदाचित वेगळ्या नजरेने बघितला गेला असता.

इथे एक कठीण फाटा आला. इग्रा पॉझिटिव्ह म्हटल्यावर टीममधल्या मॅडमनी विचारलं, मग मुळात आतड्यातला आजार टीबीच तर नाही ना? प्रश्न रास्त होता. पण इग्रा एवढंच सांगते की जंतूशी कधीतरी गाठ पडली आहे, आत्ता आजार आहे का आणि कुठे आहे हे ती सांगत नाही. पॅथॉलॉजीत बसून स्लाइड परत बघितल्या, ग्रॅन्युलोमा लहान, सुटे, केसिएशन नाही. पोटाच्या सीटीत मध्ये पाणी झालेल्या गाठी नाहीत, जलोदर नाही. कल्चर पूर्ण मुदत ठेवून निगेटिव्ह आलेलं. आणि चार महिने स्टिरॉइडवर आतड्याचा टीबी असता तर तो आतापर्यंत भडकला असता. थुंकीचे दोन नमुने जीन-एक्सपर्टला पाठवले, निगेटिव्ह. ताप नाही, रात्रीचा घाम नाही. निदान क्रोन्सच, आणि त्याच्या शेजारी झोपलेला टीबी.

आता सुप्त टीबीला कोणतं औषध. रिफॅम्पिसिन चार महिने, किंवा आयसोनियाझिड आणि रिफापेंटिन आठवड्यातून एकदा असे १२ डोस, हे छोटे कोर्स आहेत, लोक पूर्ण करतात, लिव्हरलाही तुलनेने हलके. मला तेच हवे होते, लहान कोर्स कोणाला आवडत नाही. पण रिफॅम्पिसिनचं घराणं लिव्हरमधली एन्झाइम इतकी चेतवतं की प्रेडनिसोलोन भराभर जळून जातं. गोळी १० ची, परिणाम त्याहून बराच कमी. हा पेशंट स्टिरॉइड कमी केलं की दोनदा उसळलेला, इन्फ्लिक्सिमॅब अजून सुरू नाही, आणि अशात आपणच आडवाटेने त्याचं स्टिरॉइड काढून घ्यायचं? म्हणून आयसोनियाझिड, रोज ३०० मिग्रॅ, नऊ महिने, सोबत बी-६.

चौथ्या आठवड्याच्या शेवटी पहिली गोळी. इन्फ्लिक्सिमॅब त्यानंतर चार आठवड्यांनी. पूर्ण नऊ महिने थांबायची गरज नसते, पण निदान तीन-चार आठवडे आधी उपचार चालू हवा असं मार्गदर्शक सूचना सांगतात. सुप्त टीबीत जंतूंची संख्या मुळात कमी, त्यातले हलते-चालते आधी मारून घ्यायचे, मग भिंतीला हात लावायचा, असा हिशोब.

पुढे काय झालं

आठव्या आठवड्यात पहिला डोस गेला, दोन तास सलाईन, काही त्रास नाही. दुसऱ्या डोसपर्यंत संडास तीनवर. तिसऱ्या डोसच्या वेळी सीआरपी ६, अल्ब्युमिन ३.६, आणि त्यानंतर दोन आठवड्यांत प्रेडनिसोलोन बंद. तो म्हणाला सगळ्यात जास्त आनंद पाव-अर्धा तास गाडीत शांत बसता येतं याचा झाला.

पण मधेच लिव्हर. आयसोनियाझिड सुरू करताना एसजीपीटी, म्हणजे लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम, २८ होतं, चार आठवड्यांनी ७४, आठ आठवड्यांनी १६०. आमच्या लॅबची वरची हद्द ४०, म्हणजे चौपट. साधारण नियम असा की मळमळ, कावीळ, भूक जाणं असं काही असेल तर तिपटीला आयसोनियाझिड थांबवायचं, काहीच लक्षण नसेल तर पाचपटीला. याला लक्षण काही नव्हतं. पण लिव्हरवर भार टाकणारं ते एकटं नव्हतं, अझाथायोप्रिनही होतं. अझाथायोप्रिन पूर्ण बंद करायचं जिवावर आलं कारण जोडीला असेल तर इन्फ्लिक्सिमॅबविरुद्ध शरीर अँटिबॉडी कमी तयार करतं आणि औषध जास्त दिवस लागू पडतं. म्हणून १०० चं ५० केलं, दर आठवड्याला तपासणी, आणि त्याला घरी लिहून दिलं की उलटी किंवा लघवी गडद झाली तर गोळी घ्यायची नाही, आधी फोन करायचा. १६०, मग ९०, मग ४६. आयसोनियाझिड एकही दिवस चुकलं नाही.

इन्फ्लिक्सिमॅबच्या पाचव्या महिन्यात ताप. रोज संध्याकाळी १०१, नऊ दिवस, वजन दीड किलो कमी. सगळ्यांच्या पोटात गोळा. मी तर मनात टीबीची चार औषधं लिहून मोकळा झालो होतो. छातीचा सीटी जसा होता तसा. इग्रा परत करून उपयोग नव्हता, एकदा पॉझिटिव्ह आलेली टेस्ट उपचारानंतरही पॉझिटिव्हच राहू शकते, तिच्यावरून नवं काही कळत नाही. मग सर म्हणाले आधी जुनी जागा बघ. पेल्व्हिसच्या एमआरआयमध्ये फिस्चुल्याच्या बाजूला २ सेंमीची पिशवी. पू काढला, त्याची जीन-एक्सपर्टही केली, निगेटिव्ह, कल्चरमध्ये ई. कोलाय. पू निघाला तसा दोन दिवसांत ताप गेला. परत सीटन घातला, इन्फ्लिक्सिमॅबचा पुढचा डोस दोन आठवडे पुढे ढकलला.

आयसोनियाझिडचा कोर्स पूर्ण झाला. पहिल्या डोसपासून १४ महिन्यांनी बघितलं तेव्हा भगंदर कोरडं, वजन ६३, कोलोनोस्कोपीत अल्सरच्या जागी व्रण. टीबी उठला नाही.

काय वेगळं करता आलं असतं

पहिलं आणि मोठं, इग्रा निदानाच्या दिवशीच करायला हवी होती, प्रेडनिसोलोनची पहिली गोळी जायच्या आधी. भगंदर असलेला, तरुण वयात सुरू झालेला क्रोन्स म्हणजे पुढे बायोलॉजिक लागणार हे त्या दिवशीही दिसत होतं. तेव्हा टी-पेशी जाग्या होत्या. टेस्ट पॉझिटिव्ह आली असती, स्टिरॉइडच्या चार महिन्यांतच आयसोनियाझिडचे चार महिने होऊन गेले असते आणि इन्फ्लिक्सिमॅब ठरलं त्या आठवड्यात पू काढून देता आलं असतं. आठ आठवडे टीबीमुळे गेले असं आम्ही पेशंटला सांगितलं खरं, पण त्यातले बरेचसे आमच्या क्रमामुळे गेले.

दुसरं, सीटन आम्ही तिसऱ्या डोसनंतर दोन आठवड्यांनी काढला, पू थांबलेला बघून. बाहेरचं तोंड लवकर मिटतं, आतला मार्ग मागे राहतो. एमआरआय करून मग काढला असता तर पाचव्या महिन्यातला ताप बहुतेक टळला असता. यावर सर्जनचं आणि आमचं अजून पूर्ण एकमत नाही, त्यांचं म्हणणं दोरा जास्त दिवस ठेवला तर मार्ग मिटतच नाही, आणि त्यातही तथ्य आहे.

तिसरं, आत्यांना विचारलेला प्रश्न. त्यानंतर आमच्या फॉर्मवर ‘घरात टीबी?’ या ओळीखाली पेनने एक ओळ वाढवली, ‘घरात कोणी सहा महिन्यांहून जास्त गोळ्या घेतल्या? कशासाठी? तेव्हा पेशंट कुठे राहत होता?’ पुढच्या छपाईत ती ओळ गळाली. आता परत पेनने लिहितो.

एक गोष्ट मात्र उघडीच आहे. सुप्त टीबीचा उपचार झाला म्हणजे जुना जंतू दबला, नवा जंतू उद्या कोणाच्या खोकल्यातून येऊ शकतो आणि इन्फ्लिक्सिमॅब तर चालूच राहणार. टेस्ट परत करून कळणार नाही, म्हणून दर आठ आठवड्यांनी सलाईन लावायच्या आधी सिस्टर त्याला चार गोष्टी विचारतात, ताप, घाम, वजन, खोकला, आणि पाचवी, घरात किंवा कामावर कोणाला टीबी निघाला का. चौदाव्या महिन्याला तो म्हणाला, “सिस्टर, हे पाठ झालंय मला, सगळं नाही.” सिस्टर म्हणाल्या, “असू दे, तरी वजनकाट्यावर उभे राहा.”